आधी ‘सा’ सापडू द्या

गाण्याची थोडीफार आवड असलेल्या घरात हे नेहमीचंच. रेडिओवर ‘चितचोर’मधलं ‘जब दीप जले आना’ लागतं आणि लहानपणी पेटी शिकलेला कुणी मावसभाऊ पहिल्या ओळीलाच म्हणतो, ‘यमन!’ बाकीचे माना डोलावतात. विचारलं, ‘कशावरून?’ तर उत्तर येतं, ‘अरे, ऐकूनच कळतं.’

त्याचं खोटं नसतं. पण बहुतेक वेळा त्याने यमन ओळखलेला नसतो, साम्य ओळखलेलं असतं. ‘तोच चंद्रमा नभात’ त्याने शेकडो वेळा ऐकलेलं असतं, ते यमनातलं आहे हे कुणीतरी कधीतरी सांगितलेलं असतं, आणि नवं गाणं कानावर पडताच जुनं आतून गुणगुणायला लागतं. राग ओळखण्याची ही सर्वांत जुनी आणि सर्वांत सोपी रीत. मलाही ती मान्य आहे, कारण गाणारी मंडळीसुद्धा सुरुवात तिथूनच करतात. अडचण एवढीच, की साम्य कशाचंही असू शकतं. ठेका सारखा असतो, संगीतकार एकच असतो, बासरीचा तुकडा तसाच वाजलेला असतो, आणि आपण सगळ्याचं श्रेय रागाला देऊन मोकळे होतो. शिवाय काही राग असे आहेत की त्यांचे स्वर अगदी तेच, आणि तरी ते निरनिराळे. तिथे साम्य हमखास फसवतं. म्हणून अशाच एका घोळक्यात शिरू. भूप आणि त्याच्या पाच स्वरांचं गणगोत.

पेटी असेल तर समोर घ्या. नसेल तर फोनवरची पेटीही चालेल. फक्त काळ्या पट्ट्या वाजवायच्या, पांढऱ्यांना हात लावायचा नाही. एका सप्तकात काळ्या पाच. काळी तीन हा सा धरून वर चढत गेलात तर सा रे ग प ध असे स्वर मिळतात, सगळे शुद्ध. हा भूप. आता त्याच पाच पट्ट्या, पण सा धरा काळी एकला. स्वर होतील सा रे म प ध. हा दुर्ग्याचा पिंड, ज्याला आपण ‘दुर्गा’ म्हणतो तो राग. काळी पाचला सा धरलात तर सा, कोमल ग, म, कोमल ध, कोमल नी, म्हणजे मालकंस. काळी दोनपासून निघालात तर धानी. काळी चारपासून मधमाद सारंग. एकही पट्टी बदललेली नाही आणि पाच राग झाले. शास्त्रात याला मूर्च्छना म्हणतात. घरात माणसं तीच पाच, पण कर्ता बदलला की घराची तऱ्हा बदलते, तसं हे आहे. बाकीचे चार स्वर आपापलं नातं त्या एका ‘सा’शी सांगतात आणि त्या नात्यांतून राग उभा राहतो.

याचा अर्थ असा, की गाण्याचे स्वर तुम्ही एकूण एक बरोबर काढलेत आणि सा चुकलात, तर राग चुकलाच. आणि सा चुकणं किती सोपं आहे याला एक मजेदार जोडी आहे. व्ही. शांताराम यांच्या दोन चित्रपटांना रामलाल यांनी संगीत दिलं. 1963 च्या ‘सेहरा’त लताबाईंचं ‘पंख होते तो उड आती रे’ आहे, ते भूपावरचं. पुढच्याच वर्षीच्या ‘गीत गाया पत्थरोंने’चं शीर्षकगीत किशोरी आमोणकरांनी गायलं, ते दुर्गातलं. आता दुर्गात मध्यमाला फार मान. गाणं त्या मध्यमावर येऊन सुखाने थांबतं. नवशिक्याचा कान म्हणतो, इथे थांबलं म्हणजे हाच सा. त्या मध्यमाला सा मानून मोजायला लागलात की तेच पाच स्वर सा रे ग प ध असे दिसतात, आणि किशोरीताईंचं दुर्गातलं गाणं तुमच्या वहीत भूप म्हणून नोंदलं जातं.

मालकंसाचंही तसंच. त्यात पंचम नाही, म्हणून तानपुरा मध्यमाला लावतात आणि मध्यम सतत कानात घुमत राहतो. ‘बैजू बावरा’मधल्या ‘मन तडपत हरी दर्शन को आज’ या गाण्यात मध्यमाला सा समजलात तर हिशेब धानीचा निघेल. जयदेवांनी ‘हम दोनों’साठी केलेलं ‘प्रभु तेरो नाम’ धानीतलं. दोन्ही भक्तिगीतं, दोन्ही गंभीर, त्यामुळे भावावरून पडताळा घ्यायला गेलात तरी चूक लक्षात येत नाही.

मग सा शोधायचा कसा? सगळ्यांत भरवशाचा उपाय गळ्यातला आहे. गाणं चालू असताना त्याच्याबरोबर एकच स्वर ‘आ’कारात धरून ठेवायचा, बदलायचा नाही. बहुतेक स्वर कुठे ना कुठे गाण्याशी भांडतात. एक स्वर असा निघतो की मुखडा असो, अंतरा असो, तो खालून निमूटपणे चालतो. तो सा असण्याची शक्यता जास्त. पण वर पाहिलं तसं मध्यम किंवा पंचमही असाच सोशिक असतो, म्हणून दुसरी परीक्षा घ्यायची. अंतरा संपवून गायक मुखड्यावर परत येतो, ती ओळ पूर्ण होते, तिथे गाणं बंद करा. आता त्या शांततेत तुमचे दोन उमेदवार स्वर एकामागून एक म्हणून पाहा. एकावर गाणं संपल्यासारखं वाटेल. दुसऱ्यावर अजून काही यायचं आहे असं वाटेल. संपवणारा तो सा.

तबल्याकडेही कान द्यावा. तो बहुधा षड्जाला लावलेला असतो, पण कधी पंचमाला, कधी मध्यमालाही, म्हणून ती साक्ष घ्यावी, तिच्यावर निकाल देऊ नये. मुखड्याच्या शेवटच्या स्वरालाही डोळे मिटून सा म्हणू नये. यमनातली कित्येक गाणी गंधारावर ओळ सोडतात आणि ते फार गोड लागतं.

इथे एक व्यावहारिक फसगत होते. जुनं गाणं पेटीशी जुळवायला जावं, तर ते काळी एक आणि पांढरी दोन यांच्या मधेच कुठेतरी लोंबकळत असतं. तबकडीचा, फितीचा वेग थोडा इकडेतिकडे झाला की सगळी पट्टी सरकते. अशा वेळी पेटी बाजूला ठेवावी, गाणं ऐकून आपल्या गळ्यात घ्यावं, आणि मग आपल्या सोयीच्या पट्टीत पेटीवर काढावं. रागाला पट्टीशी देणंघेणं नाही. फोनवर गाणं अर्ध्या वेगाने वाजवण्याची सोय असते. स्वर तेच राहतात आणि हरकती सुट्या होऊन कानात शिरतात. तिचा फायदा जरूर घ्यावा.

सा सापडला की स्वर काढायचे. फक्त गळ्यातले काढायचे, मधल्या वाद्यमेळातले नाही. मुखडा आणि अंतरा यांच्या मधल्या तुकड्यांत व्हायोलिनं वाट्टेल तिकडे जाऊन येतात, त्यांचा रागाशी करार नसतो. आणि स्वर काढताना कोणते आहेत यापेक्षा कोणते नाहीत याकडे अधिक लक्ष द्यावं. ‘पंख होते’मध्ये मध्यम आणि निषाद यांची जागा रिकामी आहे, ही गोष्ट सा रे ग प ध आहेत यापेक्षा जास्त बोलकी आहे. रिकाम्या जागा दोन निघाल्या की बारा स्वरांच्या जंगलातले बहुतेक राग एका फटक्यात बाद होतात.

मात्र मुखड्यावरच थांबू नये. चित्रपटगीताचा मुखडा सहसा चार-पाच स्वरांत आटोपतो. अंतरा वर चढतो आणि उत्तरांग उघडं करतो, म्हणजे पंचमापासून वरच्या सापर्यंतचा भाग. मुखड्यात निव्वळ भूप वाटणारं गाणं अंतऱ्यात निषाद आणि तीव्र मध्यम घेऊन उतरलं, तर ते भूप नव्हतंच. कदाचित यमन, कदाचित शुद्ध कल्याण. शुद्ध कल्याणची गंमत अशी, की तो चढताना भूपासारखा चढतो आणि उतरताना निषाद, तीव्र मध्यम मींडेत घेऊन येतो, इतके पुसट की पहिल्या ऐकण्यात निसटतात. ‘चोरी चोरी’मधलं शंकर-जयकिशन यांचं ‘रसिक बलमा’ याच रागातलं मानतात. ते एकदा भूप समजून आणि एकदा शुद्ध कल्याण समजून ऐकावं. दुसऱ्या खेपेला पंचमावरून आणि खालच्या सावरून उतरताना आवाज कुठे घासतो आहे, ते ऐकू येऊ लागतं.

आता खरा पेच. सा बरोबर, स्वर बरोबर, रिकाम्या जागा बरोबर, आणि तरीही दोन राग समोर उभे. भूप आणि देशकार यांचे पाचही स्वर तेच आहेत, आणि सासुद्धा तोच. मूर्च्छनेची सबबही इथे चालत नाही. भातखंडे यांनी मात्र भूप कल्याण थाटात घातला आणि देशकार बिलावलात. भूप रात्रीच्या पहिल्या प्रहराचा, देशकार सकाळचा. भूपाचा वादी गंधार, संवादी धैवत. देशकारात उलट, धैवत राजा आणि गंधार त्याचा प्रधान. सगळा फरक वजनाचा आहे.

हे वजन कानाला कसं कळतं? भूप पूर्वांगात रमतो. सा रे ग असा येतो, गंधारावर बसतो, प ग अशी झेप घेतो, ग रे करत सावर येतो, आणि खालच्या सप्तकातल्या धैवताला शिवून पुन्हा सा रे ग. रिषभावर तो निवांत टेकू शकतो. देशकार वरच्या अंगाचा. त्याची नजर धैवतावर. ग प ध अशी उडी मारून तो धैवत ठळक लावतो, तिथून पंचमावर येतो, वरच्या साला भिडून परत ध प. रिषभ त्याच्यात दुबळा. उतरताना तो ग रे सा असं घाईने उरकतो, रिषभावर रेंगाळला की लगेच भूप डोकावतो. देशकार शिकवताना गुरुजी शिष्याला पुन्हा पुन्हा टोकतात ते याच जागी.

या पेचातलं सर्वांत लाडकं गाणं आपल्या सुधीर फडक्यांचं आहे. 1953 मध्ये ‘वहिनींच्या बांगड्या’ आला, त्याचं संगीत बाबूजींचं. त्याच कथेवर 1961 मध्ये हिंदीत ‘भाभी की चूड़ियाँ’ निघाला, तेव्हाही संगीत त्यांचंच, आणि पंडित नरेंद्र शर्मांचे शब्द घेऊन त्यांनी लताबाईंकडून ‘ज्योति कलश छलके’ गाऊन घेतलं. हे गाणं भूपाच्या याद्यांत सापडतं आणि देशकाराच्याही. दोन्ही बाजूंना कानसेन आहेत आणि दोघेही हट्टाला पेटलेले असतात.

देशकारवाल्यांचं पहिलं म्हणणं शब्दांवर आधारलेलं असतं. गाणं उजाडण्याचं आहे, प्रकाश सांडतो आहे, ढगांना रंग चढतो आहे. बाबूजींसारखा माणूस पहाटेच्या गाण्याला रात्रीचा राग कशाला देईल? युक्तिवाद गोड आहे, पण तो चालीबद्दल काहीच सांगत नाही. म्हणून माझी सूचना अशी, की अशा गाण्याचे शब्द आधी काढून टाकावेत. चाल फक्त ‘ना ना’ करत म्हणावी, तीही संथ. शब्द गेले की पहाट जाते, लताबाईंचा आवाज गेला की अर्धी जादू जाते, आणि उरतात ते स्वर.

मग एक कागद घ्यावा. प्रत्येक ओळ जिथे थांबते, किंवा ओळीच्या मधे आवाज जिथे दम खातो, तिथला स्वर लिहून ठेवावा. तेवढाच. धावते स्वर लिहायचे नाहीत. मुखडा आणि एक पूर्ण अंतरा झाला की कागदाकडे पाहावं. ग आणि रे जास्त दिसत असतील तर पारडं भूपाकडे झुकलं. ध आणि प जास्त असतील तर देशकाराकडे. त्यानंतर उतरणाऱ्या जागा तपासाव्यात. ध प ग रे सा असं आवाज खाली येतो तेव्हा रिषभाला किती वेळ मिळतो? आणि मुखड्याचा मुक्काम कुठे आहे, मधल्या साच्या आसपास की पंचमाच्या वर? या तीन प्रश्नांची उत्तरं एका बाजूची आली तर प्रश्न मिटला.

‘ज्योति कलश’च्या बाबतीत ती सहसा एका बाजूची येत नाहीत, आणि वाद इतकी वर्षं टिकला तो त्यामुळेच. मैफलीत गवई अर्धा तास देशकार गातो तेव्हा त्याला रिषभाची शिस्त पाळावीच लागते, नाहीतर समोरचा रसिक भुवई उंचावतो. तीन-चार मिनिटांच्या गाण्यावर ही सक्ती नाही. संगीतकाराला एका ओळीत देशकाराचा धैवत हवा असतो आणि पुढच्या ओळीत भूपाचा गंधार गोड वाटतो, तो दोन्ही घेतो. मला विचाराल तर मी या गाण्यापुढे ‘स्वर भूपाचे, तोंडवळा देशकाराचा’ असं लिहीन आणि पुढच्या गाण्याकडे वळेन. एकच नाव लिहायचा आग्रह धरणाऱ्याशी मी भांडायला जाणार नाही. ज्यांना निखळ भूप कानात बसवायचा आहे त्यांनी मात्र हे गाणं न घेता ‘स्वयंवर’मधलं ‘सुजन कसा मन चोरी’ घ्यावं. भास्करबुवा बखल्यांनी 1916 साली भूपातल्या बंदिशीवर बांधलेली ती चाल आहे. तिच्यापाठोपाठ किशोरीताईंचं ‘सहेला रे’ ऐकावं. गंधार म्हणजे काय ते पुन्हा कुणाला विचारावं लागत नाही.

आतापर्यंत मी भावाबद्दल जवळजवळ काहीच बोललो नाही, ते मुद्दाम. राग ओळखताना लोक भाव पहिल्यांदा पाहतात. मी त्याला शेवटी बोलावतो. याचं कारण एका स्वराच्या फरकात दिसेल.

पांढरी एकला सा धरून भूप वाजवा. आता त्यातला फक्त गंधार कोमल करा, म्हणजे पांढरी तीन सोडून काळी दोन घ्या. बाकी चारही स्वर जसेच्या तसे. हा शिवरंजनी. ज्याला स्वरांची नावंही माहीत नाहीत त्याच्याही पोटात काहीतरी हलतं. ‘मेरा नाम जोकर’मधलं ‘जाने कहाँ गए वो दिन’ या रागातलं, ‘मेहबूबा’मधलं ‘मेरे नैना सावन भादों’ याच रागातलं. दोन्हींत गेलेल्या दिवसांची हुरहुर. त्यामुळे शिवरंजनी म्हणजे विरह असं समीकरण डोक्यात पक्कं होतं. आणि मग आठवतं, की वरातीत बँडवाले हटकून वाजवतात ते ‘बहारों फूल बरसाओ’ही शिवरंजनीवरच आहे. 1966 च्या ‘सूरज’मधलं, शंकर-जयकिशन यांचंच. ज्यांनी जोकरला रडवलं त्यांनीच त्याआधी त्याच स्वरांवर नवरीला माप ओलांडायला लावलं होतं.

मालकंसाचंही पाहा. नौशाद यांच्या ‘मन तडपत’मध्ये आर्त याचना आहे. सी. रामचंद्र यांनी ‘नवरंग’साठी त्याच रागात ‘आधा है चंद्रमा रात आधी’ केलं, ते शृंगाराचं, लाडिक तक्रारीचं. भावावरून राग ठरवणारा या दोन गाण्यांना एका रांगेत कधीच बसवणार नाही.

असं का होतं? गाण्याचा भाव आपल्यापर्यंत येतो तो एकट्या रागातून येत नाही. लय येते, शब्द येतात, सनई की सतार हे येतं, पडद्यावर कोण आहे हे येतं. ‘बहारों फूल बरसाओ’ची लय निम्मी करून, शब्द काढून, एकट्या बासरीवर वाजवून पाहा. कोमल गंधाराचा ओलावा लगेच वर येतो. तो आधीही तिथेच होता, वाजतगाजत निघालेल्या वरातीत ऐकू येत नव्हता इतकंच. तेव्हा भाव विचारायचा तो असा, लय उतरवून आणि शब्द सोलून. मग तो खरंच कामाला येतो. दोन रागांमध्ये अडलेलो असताना, धैवतावर उभं राहून चाल उजेडाकडे पाहते आहे की गंधारावर बसून निवांत झाली आहे, असा प्रश्न विचारता येतो. त्याच्याआधी विचारलात तर उत्तर शब्दच देऊन टाकतात.

या सगळ्या पद्धतीची हद्द कुठे संपते तेही सांगायला हवं. स्वर काढताना एखादा पाहुणा स्वर येतोच. भूपाच्या गाण्यात अंतऱ्यात एकदाच शुद्ध मध्यम चमकून गेला, तर राग बदलला असं समजू नये. संगीतकाराने चव आणली, बस. पण त्या मध्यमावर ओळ थांबली, किंवा तो प्रत्येक अंतऱ्यात परत आला, तर तो पाहुणा नव्हे, घरचा आहे, आणि आपला निकाल बदलायला हवा. भूपासारखा सांगाडा, त्यावर मध्यम-निषादाची मोकळी ये-जा आणि लोकगीताचा हेलकावा असं काही निघालं तर ते बहुधा पहाडीत जातं. पहाडी हे फार प्रेमळ पण ढिलं नाव आहे. ज्या गाण्याचं काही ठरत नाही ते याद्या करणारे पहाडीत ढकलतात, हे लक्षात ठेवून त्या याद्या वाचाव्यात. भैरवीचीही तीच कथा. चित्रपटातली भैरवी बाराही स्वर हक्काने वापरते, त्यामुळे तिथे रिकाम्या जागांची युक्ती चालत नाही. शंकर-जयकिशन यांनी तर ‘मेरा जूता है जापानी’सारखं रस्त्याने उड्या मारत जाणारं गाणंही भैरवीतच बसवलं.

आणि कित्येक गाण्यांना राग नसतोच. गिटारवर स्वरमेळ आधी ठरतात आणि चाल त्यावरून घरंगळत जाते. अशा गाण्यातून ओढूनताणून खमाज काढणारे लोक मी पाहिले आहेत. सात शुद्ध स्वर सापडले म्हणून बिलावल म्हणायचं असेल तर लहान मुलांची निम्मी बडबडगीतं बिलावलात जातील. स्वर जुळले, पण त्या रागाची एकही ओळखीची हालचाल, म्हणजे पकड, संपूर्ण गाण्यात सापडली नाही, तर राग नाही असं म्हणून मोकळं व्हावं. गाणं त्याने कमी होत नाही.

हात बसवायला गाणं हवं असेल तर ‘सुवर्ण सुंदरी’मधलं ‘कुहू कुहू बोले कोयलिया’ घ्या. 1957 चा चित्रपट, आदिनारायण राव यांचं संगीत, लताबाई आणि रफी. यात चार राग आहेत आणि ते क्रमाने येतात: सोहनी, बहार, जौनपुरी, यमन. सा सगळीकडे एकच राहतो, त्यामुळे तो एकदाच शोधावा लागतो आणि पुढे फक्त स्वरांवर लक्ष देता येतं. सोहनीत पंचम नाही आणि चालीचा सगळा ओढा वरच्या साकडे. पंचम पहिल्यांदा उघडा लागला आणि गंधार कोमल झाला की बहार आला असं समजावं, दोन्ही निषाद त्याची खात्री देतील. पुढे धैवतही कोमल झाला, शुद्ध निषाद गेला, चाल जड झाली, की जौनपुरी. आणि गंधार, धैवत, निषाद तिन्ही पुन्हा शुद्ध होऊन वर तीव्र मध्यम लागला, की मावसभावाच्या आधी तुम्हीच यमन म्हणू शकाल, आणि ‘कशावरून’ असं कुणी विचारलं तर सांगायला स्वरही हाताशी असतील.